महिन्याला पंधरा हजार: गुगल सर्चला द्यायचे की फेसबुक-इन्स्टाग्रामला?

जाहिरातीसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एक एजन्सी सांगते, गुगलवर गिऱ्हाईक स्वतः शोधत येतं, तिथेच पैसे लावा. दुसरी सांगते, आता सगळे इन्स्टाग्रामवर असतात, गुगल विसरा. तिसरी दोन्हींचं मिळून 'पॅकेज' देते. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि तिघांनीही मुख्य प्रश्न विचारलेला नसतो. तुम्ही जे विकता ते तुमच्या गावात, या महिन्यात, किती लोक शोधत आहेत? हा आकडा हातात आला की निम्मा निर्णय झालेला असतो.

उदाहरण म्हणून नाशिकमधला एक वॉटरप्रूफिंग कंत्राटदार घेऊ. गच्चीची गळती, भिंतीची ओल, बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये झिरपणारं पाणी ही त्याची कामं. जाहिरातीचं बजेट महिन्याला ₹१५,०००. पुढचे त्याचे आकडे हिशोब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे वेगळे निघतील, हिशोबाची पद्धत तीच राहील.

## दोन जाहिरातींमधला मूळ फरक

सर्च जाहिरात म्हणजे गुगलवर कुणी काही शोधलं की निकालांसोबत, बहुतेकदा वरच्या बाजूला, 'Sponsored' अशा खुणेसह दिसणारी जाहिरात. सोशल जाहिरात म्हणजे फेसबुक किंवा इन्स्टाग्राम चाळताना मध्येच येणारा फोटो, व्हिडिओ किंवा रील. पहिलीत माणसाने आधी काहीतरी मागितलेलं असतं, दुसरीत काहीच मागितलेलं नसतं. औषधाच्या दुकानात माणूस चिठ्ठी घेऊन येतो आणि जत्रेत तो नुसता फिरायला येतो, तसंच हे. चिठ्ठीवाल्याला समजावावं लागत नाही, पण त्या दिवशी जेवढे आजारी पडले तेवढेच दुकानात येणार. जत्रेत गर्दी हवी तेवढी मिळते, फक्त त्या गर्दीतल्या कुणालाही अजून तुमची गरज वाटलेली नसते.

म्हणून सर्चची मर्यादा असते मागणीची आणि सोशलची मर्यादा असते इच्छेची. बजेट लहान असलं की यातली पहिली मर्यादा लोक हमखास विसरतात, कारण पैसेच कमी पडतील अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात छोट्या शहरात बरेचदा उलटं होतं. पैसे उरतात आणि शोधणारे संपतात.

## पैसे नेमके कशाचे जातात

गुगल सर्चवर साधारणपणे क्लिकचे पैसे जातात. प्रत्येक शोधाच्या वेळी एक छोटा लिलाव होतो. एका क्लिकसाठी तुम्ही जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहात हे त्यात पाहिलं जातं, आणि त्याच्या जोडीला तुमची जाहिरात त्या शोधाशी किती जुळते, लोक तिच्यावर क्लिक करतील का आणि क्लिकनंतर उघडणारं पान कामाचं आहे का हेही पाहिलं जातं. त्यामुळे जास्त बोली लावणारा दर वेळी वर येतोच असं नाही. जुळणारी जाहिरात कमी पैशांत वर बसू शकते.

फेसबुक-इन्स्टाग्रामवरही लिलावच असतो, पण तिथे पैसे बहुतेक वेळा जाहिरात दिसण्याचे जातात, हिशोब हजार वेळा दिसण्याच्या दराने होतो. तुम्ही उद्दिष्ट निवडता, म्हणजे लोकांनी फॉर्म भरावा, व्हॉट्सॲपवर मेसेज करावा की नुसता व्हिडिओ पाहावा ते सांगता. तसं वागण्याची शक्यता असलेली माणसं यंत्रणा शोधते. पाहण्याचं उद्दिष्ट निवडलंत तर पाहणारेच मिळतात, विकत घेणारे मिळतीलच असं नाही. पोस्टखालचं 'बूस्ट'चं बटण दाबून दोन हजार घालवल्यावर लाइक वाढतात आणि फोन वाजत नाही, तो बहुतेकदा याच कारणाने. बूस्टऐवजी ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन 'Leads', म्हणजे चौकशी करणाऱ्यांचे नंबर मिळवणं, हे उद्दिष्ट निवडावं. तिथली मांडणी थोडी किचकट आहे, पण एकदाच शिकायची आहे.

आता एक हिशोब सगळ्यांचा चुकतो. भारतात या दोन्ही ठिकाणच्या जाहिरातींवर १८ टक्के जीएसटी लागतो. हातातले ₹१५,००० करासकट असतील, तर प्रत्यक्ष जाहिरातीसाठी उरतात सुमारे ₹१२,७००. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर खात्याच्या बिलिंगमध्ये जीएसटीआयएन भरा, म्हणजे नियमात बसत असेल तिथे इनपुट क्रेडिट घेता येईल. नंबर भरायचाच राहिला म्हणून वर्षभराचं क्रेडिट सोडणारे लोक कमी नाहीत.

गुगलवर रोजचं बजेट टाकावं लागतं. महिन्याचा आकडा ३०.४ ने भागायचा. ₹१२,७०० म्हणजे रोज साधारण ₹४१८. एखाद्या दिवशी गुगल याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, तेव्हा घाबरून जाहिरात बंद करू नका, महिन्याला ३०.४ पट ही मर्यादा ते पाळतं. फेसबुकवर हीच मर्यादा आठवड्याची असते, रोजच्या बजेटच्या सातपट.

## आधी मागणी मोजा

गुगल ॲड्सच्या खात्यात 'Keyword Planner' नावाचं फुकट साधन आहे. त्यात ठिकाण म्हणून नाशिक निवडायचं आणि गिऱ्हाईक टाइप करेल ते शब्द टाकायचे. दुकानाच्या पाटीवरचे शब्द नकोत, लोकांच्या बोटातले हवेत. खाली प्रत्येक शब्दासमोर महिन्याला सरासरी किती वेळा शोध झाला ते येतं, आणि वरच्या जागेसाठी लोक एका क्लिकला कमीत कमी व जास्तीत जास्त किती बोली लावतात तेही येतं. नव्या खात्यात बरेचदा नेमका आकडा दिसत नाही, '100 – 1K' असा ढोबळ पल्ला दिसतो. तेव्हा खालचा आकडा धरून चालावं.

समजा, आपल्या कंत्राटदाराने सगळे कामाचे शब्द मिळवून बेरीज केली आणि जूनमध्ये १,२०० शोध निघाले. यातल्या प्रत्येक शोधात त्याची जाहिरात दिसणार नाही, दुसरेही बोली लावणारे आहेत. साठ टक्के वेळा दिसली असं धरू, म्हणजे ७२० वेळा. त्यातले दहा टक्के लोक क्लिक करतात, म्हणजे ७२ क्लिक. एका क्लिकला ₹३५ धरले तर खर्च झाला ₹२,५२०.

इथेच थांबून पाहा. खिशात ₹१२,७०० आहेत आणि नाशिकमधली खरी मागणी गिळू शकते फक्त अडीच हजार. उरलेल्या दहा हजारांचं काय होतं? तुम्ही शब्दांवर लगाम ठेवला नसेल तर गुगल ते खर्च करून दाखवतं. मग 'वॉटरप्रूफ जॅकेट' शोधणारा कॉलेजचा मुलगाही तुमच्या जाहिरातीवर येतो. महिनाअखेरीस अहवालात क्लिकचा आकडा गलेलठ्ठ दिसतो आणि फोन तेवढेच आलेले असतात.

शब्द वाढवून ही मर्यादा थोडी ताणता येते. गच्चीच्या जोडीला बाथरूमची गळती, पाण्याची टाकी, भिंतीची ओल हे शब्द घ्यावेत, कामगार पाठवणं परवडत असेल तर सिन्नर, ओझर, इगतपुरीही जोडावं. आणखी एक जागा आहे. नाशिकमध्ये बंगला असलेले पण मुंबई-ठाण्यात राहणारे लोक तिथूनच शोधतात. त्यांच्यासाठी मुंबई-ठाणे हे ठिकाण निवडून, फक्त 'nashik' हा शब्द असलेल्या शोधांवर वेगळी छोटी मोहीम लावता येते. हे सगळं करून जूनचा खर्च फार तर पाच-सहा हजारांवर जाईल. त्यापुढे ताणू नये.

## मार्चमध्ये एक उत्तर, जूनमध्ये दुसरं

गळतीची गंमत अशी की ती पावसात दिसते आणि दुरुस्ती कोरड्यात होते. ओल्या स्लॅबवर केमिकल कोटिंग धरत नाही, थोड्याच दिवसांत पोपडे निघतात. म्हणजे लोक सर्वांत जास्त शोधतात तेव्हा गच्चीचं काम करता येत नाही, आणि काम करण्याची उत्तम वेळ असते तेव्हा कुणी शोधत नाही. गुगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून पाच वर्षांचा आलेख उघडा. तुमच्या धंद्याचा चढउतार असा ऋतूप्रमाणे असेल तर तो तिथे उघड दिसतो.

आपल्या कंत्राटदारासाठी मार्चमध्ये शोध ३०० धरू. त्याच हिशोबाने १८ क्लिक आणि खर्च ₹६३०. फोन येतील दोन. सर्चवर याहून जास्त खर्च करायला जागाच नाही. म्हणून मार्च ते मेचा पैसा सोशलकडे जायला हवा, कारण त्या काळात गरज आठवून द्यावी लागते. गेल्या पावसात छताला पडलेला पिवळा डाग लोकांच्या घरात अजून असतो, फक्त त्याकडे लक्ष जात नाही.

जून ते सप्टेंबरमध्ये सर्च आधी. फोन आले की पाहणी करून घ्यायची, अंदाजपत्रक द्यायचं आणि कोरड्या दिवसांसाठी नाव नोंदवून ठेवायचं. आतून करायचं इंजेक्शन ग्राउटिंगसारखी काही कामं पावसातही निघतात, ती लगेच करता येतात. सोशलचा खर्च त्या काळात जवळपास बंद ठेवला तरी चालतो.

यावर साहजिक आक्षेप येतो की बजेट तर महिन्याचं ठरलेलं आहे, जूनमधले उरलेले सात हजार कुठे घालायचे? ते पुढे ढकला. महिन्याला ₹१५,००० म्हणजे वर्षाला ₹१,८०,०००. 'महिन्याचं बजेट' ही तुमची सोय आहे, गिऱ्हाइकाला तिच्याशी देणंघेणं नाही. आलेला पैसा त्याच महिन्यात संपवायचा हा सरकारी खात्यांचा मार्चमधला शिरस्ता, तो दुकानात आणू नये.

## 'पण फेसबुकवर लीड स्वस्त मिळतात ना?'

मिळतात. लीड म्हणजे ज्याचं नाव आणि नंबर हाती आलं असा चौकशी करणारा माणूस. एजन्सी तुम्हाला एका लीडचा खर्च दाखवते आणि तिथेच फसगत सुरू होते.

जूनच्या सर्चमध्ये ७२ क्लिकमधून सात जणांनी फोन केला असं धरू. ₹२,५२० भागिले सात, एक लीड ₹३६० ला पडली. एप्रिलमध्ये सोशलवर ₹१२,००० लावले आणि शंभर लोकांनी फॉर्म भरला, तर एक लीड पडली ₹१२० ला. तिप्पट स्वस्त! आता एक पायरी पुढे जाऊ. सर्चवरून आलेल्या सातपैकी दोघांनी काम दिलं, कारण त्यांच्या डोक्यावर पाणी गळत होतं. एका कामामागे जाहिरातीचा खर्च ₹१,२६०. सोशलच्या शंभरपैकी साठ जणांनी फोन उचलला. त्यातल्या पस्तीस जणांचं 'नुसतं बघत होतो' किंवा घर भाड्याचं. उरलेल्या पंचवीसपैकी आठ जणांकडे पाहणी झाली आणि दोन कामं मिळाली. एका कामामागे खर्च ₹६,०००, म्हणजे सर्चच्या जवळपास पाचपट.

मग सोशल वाईट का? तेही नाही. एका कामातून माल आणि मजुरी जाता कंत्राटदाराच्या हाती ₹१२,००० राहतात असं धरू. त्यातून सहा हजार जाहिरातीला देऊनही सहा हजार उरतात, आणि एरवी एप्रिलमध्ये ही दोन कामं त्याच्याकडे आलीच नसती. मात्र एका कामामागे जाहिरातीवर जास्तीत जास्त किती घालायचे ही रेघ आधी आखून ठेवायला हवी. त्याने ती ₹६,००० वर आखली असेल तर हा सौदा अगदी काठावर आहे. जीएसटीचं क्रेडिट मिळत नसेल तर तोच आकडा ₹७,०८० होतो आणि सौदा रेघेबाहेर जातो. एका करामुळे निर्णय असा फिरतो.

तुलना नेहमी एका कामाच्या, एका विक्रीच्या खर्चाची करावी. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. साधी वही पुरते. तारीख, फोन कुठून आला, पाहणी झाली का, काम मिळालं का, रक्कम किती. दोन जाहिरातींत दोन वेगळे मोबाइल नंबर द्या, म्हणजे 'कुठे पाहिलंत?' हे विचारावं लागत नाही. विचारल्यावर निम्मे लोक 'गुगलवर' म्हणतात, मग पाहिलेलं कुठेही असो.

## सर्चमध्ये पैसा कुठे गळतो

खातं उघडताना गुगल आधी सोपा, अर्धवट आपोआप चालणारा मार्ग पुढे करतं. तो टाळून सर्च प्रकारची मोहीम स्वतः बनवावी. तीत तीन जागा पाहायच्या.

पहिली जागा नेटवर्कची. तिथे 'Display Network' ची खूण आधीच लावलेली असते, ती काढा. नाहीतर सर्चचे पैसे भलत्या वेबसाइट आणि ॲपवर दिसणाऱ्या जाहिरातींना जातात. दुसरी जागा ठिकाणाची. मूळ पर्यायात नाशिकमध्ये असलेले आणि नाशिकबद्दल 'रस दाखवलेले' असे दोन्ही लोक येतात. त्र्यंबकेश्वरच्या सहलीची माहिती शोधणारा दिल्लीचा माणूसही त्यात बसू शकतो. म्हणून 'Presence' हा पर्याय निवडा.

तिसरी आणि सर्वांत महाग जागा शब्दांची. नुसता शब्द टाकला तर गुगल त्याचा मोकळा अर्थ लावतं आणि दूरदूरच्या शोधांवरही जाहिरात दाखवतं. अवतरण चिन्हांत टाकला तर तो अर्थ शोधात यावा लागतो. चौकोनी कंसात टाकला तर जवळपास तोच अर्थ असलेलेच शोध चालतात. लहान बजेटला सुरुवातीला शेवटचे दोनच वापरावेत. वजाबाकीचे शब्द, म्हणजे जे शोधात असतील तर जाहिरात दाखवायची नाही, पहिल्या दिवशीच भरावेत.

```
[terrace waterproofing nashik]
"waterproofing contractor"
"roof leakage repair"
"गच्ची गळती"

-jacket
-jackets
-course
-job
-jobs
-"kaise kare"
```

'jacket' आणि 'jackets' दोन्ही का लिहिले? वजाबाकीत गुगल एकवचनावरून अनेकवचन ओळखत नाही, दोन्ही द्यावे लागतात. प्रत्यक्ष खात्यात हे शब्द भरायला वेगळी जागा असते, तिथे आधीचं वजाचं चिन्ह लागत नाही.

यानंतर दर सोमवारी एकच काम करायचं. 'Search terms' चा अहवाल उघडून लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते वाचायचं. रसायनाच्या डब्याची किंमत विचारणारे, स्वतःच काम करू पाहणारे, या क्षेत्रात नोकरी शोधणारे तिथे सापडतात. त्यांचे शब्द वजाबाकीत टाकत जायचं. पहिल्या महिन्यात या वीस मिनिटांनी जेवढा पैसा वाचतो तेवढा दुसऱ्या कशानेही वाचत नाही.

क्लिक केल्यावर उघडणारं पान फेसबुक पेज नसावं. तिथे माणूस भरकटतो. एक साधं पान पुरतं, ज्यावर कुठल्या भागात काम करता, दर चौरस फुटाला साधारण किती येतो, हमी किती वर्षांची, चार खऱ्या कामांचे फोटो आणि बोटाने दाबता येईल असा फोन नंबर असावा. नेहमी दहातला एक क्लिक करणारा फोन करत असेल आणि सलग तीस क्लिकमध्ये एकही फोन आला नाही, तर त्याला नशीब म्हणू नका. असं निव्वळ योगायोगाने व्हायची शक्यता शंभरात चार. पान मोबाइलवर उघडून पाहा, नंबर चुकला असेल किंवा पान उघडायलाच वेळ लागत असेल.

## सोशलमध्ये काय बिघडतं

इथे अडचण फॉर्मची असते. फेसबुकचा फॉर्म माणसाचं नाव आणि नंबर स्वतःच भरून ठेवतो. दोनदा अंगठा दाबला की लीड तयार, आणि अर्ध्या तासात तो माणूस विसरूनही गेलेला असतो. कधी नंबरच जुना, बंद पडलेला असतो. यावर उपाय म्हणजे फॉर्म मुद्दाम थोडा अवघड करणं. 'More volume' ऐवजी 'Higher intent' प्रकार निवडा, त्यात पाठवण्याआधी माहिती तपासण्याची एक पायरी वाढते. शिवाय घर स्वतःचं आहे का, गच्ची अंदाजे किती चौरस फूट, काम कधी करायचं आहे, असे तीन प्रश्न घाला. लीड कमी येतील आणि महागही पडतील. एजन्सी नाराज होईल. तुमचे फोनचे तास मात्र वाचतील.

फोन लगेच करावा. संध्याकाळी एकदम बसून दिवसभराच्या लीडना फोन लावणाऱ्याला 'कोण? कुठला फॉर्म?' हेच जास्त ऐकायला मिळतं. दिवसभर साइटवर असणाऱ्या माणसाने, घरचं कुणी फोन करू शकत नसेल तर, फॉर्मऐवजी व्हॉट्सॲपवर संभाषण उघडणारी जाहिरात लावावी. निदान समोरच्याने स्वतः मेसेज पाठवलेला असतो.

जाहिरातीत काय दाखवायचं? चकचकीत लोगो आणि 'गळतीपासून मुक्ती' असल्या ओळी लोक अंगठ्याने वर ढकलतात. काम झाल्यावर गच्चीची तोंडं बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवतात, ती चाचणी मोबाइल उभा धरून चित्रित करा. वर घोटाभर पाणी, मग जिना उतरून खालच्या खोलीचं कोरडं छत. पंचवीस-तीस सेकंद पुरेत. महिन्याभरात तीच माणसं तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहू लागतात. 'Frequency', म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली तो आकडा, तीन-चारच्या वर जात असेल आणि लीड महागत असेल, तर व्हिडिओ बदलण्याची वेळ आली.

## 'अर्धं इकडे, अर्धं तिकडे केलं तर?'

सगळ्यांना पटणारा पर्याय म्हणून हा निवडला जातो. लहान बजेटला तो सहसा सोसत नाही. फेसबुकची यंत्रणा कुणाला जाहिरात दाखवायची हे निकालांवरून शिकते. एका ॲड सेटला, म्हणजे एक प्रेक्षकवर्ग आणि एक बजेट असलेल्या गटाला, आठवड्यात साधारण पन्नास निकाल मिळाले की हे शिकणं स्थिर होतं असं मेटा सांगते. आपल्या कंत्राटदाराचे एप्रिलमधले सगळे ₹१२,००० सोशलवर लावले तरी आठवड्याला पडतात सुमारे ₹२,७६०, म्हणजे ₹१२० च्या दराने तेवीस लीड. पन्नासच्या निम्म्यावरच. त्यातले अर्धे काढून घेतले आणि उरलेल्याचे तीन प्रेक्षकवर्ग पाडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला चार लीड येतील. त्यावरून यंत्रणाही काही शिकणार नाही आणि तुम्हीही नाही.

म्हणून एकच ॲड सेट, दोन-तीन व्हिडिओ, आणि निदान दोन आठवडे हात न लावणं. रोज बजेट आणि प्रेक्षक बदलत बसलं की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं.

वाटणीचा क्रम साधा ठेवावा. त्या महिन्यातली खरी मागणी जेवढं गिळेल तेवढं आधी सर्चला. उरलेल्यातून एका कामाचा खर्च रेघेच्या आत बसत असेल तरच सोशल. नसेल तर पैसे शिल्लक. निकाल मात्र एका महिन्यावरून ठरवू नका. दोन कामांऐवजी एक किंवा तीन मिळणं हा योगायोगही असू शकतो. लीडचा अंदाज महिन्याभरात येतो, कामांचा यायला तीन महिने लागतात.

## आणखी दोन नेहमीच्या शंका

प्रतिस्पर्धी बसून क्लिक करत राहिला तर? गुगल असे संशयास्पद क्लिक ओळखून त्यांचे पैसे आकारत नाही, किंवा नंतर परत जमा करतं. सगळेच पकडले जातात असं नव्हे, पण या भीतीपायी जेवढी झोप उडते त्याच्या कितीतरी पट पैसा 'वॉटरप्रूफ जॅकेट'वर जातो.

गुगल मॅपवर नाव आहेच, मग जाहिरात कशाला? नाव असेल, फोटो ताजे असतील आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय येत असतील तर तेच फोन फुकट मिळतात. ते आधी नीट करा. जाहिरात लागते ती तुमच्या दुकानापासून लांबच्या भागांसाठी आणि जिथे तुमच्या वर जुनी नावं बसली आहेत अशा शोधांसाठी.

## जिथे कुणी शोधतच नाही

काही व्यवसायांत सर्चचा प्रश्न निघतच नाही. जुन्या पैठणीच्या काठांपासून लॅपटॉपच्या पिशव्या शिवणाऱ्या बाईंचा माल घ्या. तशी वस्तू असते हेच लोकांना ठाऊक नाही, तर ते टाइप काय करणार? 'लॅपटॉप बॅग'वर बोली लावली तर मोठ्या ऑनलाइन दुकानांशी गाठ पडेल आणि आठशे रुपयांची काळी पिशवी हवी असलेला माणूस येईल. इथे सगळा पैसा इन्स्टाग्रामला. काठाचा पोत, शिलाई, आतला कप्पा हे सगळं दिसायला हवं आणि दिसलं तरच हवंसं वाटतं. उलट कुलूपवाला, टो-व्हॅन, रात्रीचा प्लंबर यांना सोशलवर एक रुपयाही घालायचं कारण नाही, दाराला कुलूप लागून किल्ली आत राहिलेला माणूस रील पाहत बसत नाही.

मधल्या धंद्यांनाच खरा हिशोब करावा लागतो. इंटिरिअर, मॉड्युलर किचन, क्लासेस, केटरिंग, सोलर यांना लोक शोधतातही आणि पाहून भुलतातही. तिथे 'Keyword Planner' मध्ये आपल्या शहराचा आकडा काढा, त्याला साठ टक्क्यांनी आणि मग दहा टक्क्यांनी गुणा, क्लिकच्या दराने गुणा. उत्तर बजेटहून मोठं आलं तर सोशलचा विचार पुढच्या वर्षी करा.